जिन्याच्या भिंतीतले आठ दिवे

३ डिसेंबर २०२४ च्या रात्री अकराच्या सुमारास आई, म्हणजे माझ्या सासूबाई, वरच्या खोलीतून पाणी प्यायला खाली उतरत होत्या. आमच्या जिन्याच्या पायऱ्या कोटा दगडाच्या आणि खालची फरशीही कोट्याचीच. शेवटची पायरी कुठे संपते आणि जमीन कुठे सुरू होते हे अंधारात कळत नाही. त्यांना वाटलं पायऱ्या संपल्या, म्हणून त्यांनी पाय सपाट टाकला आणि त्या डाव्या हातावर पडल्या. मनगटाला बारीक फ्रॅक्चर झालं आणि प्लास्टर घालावं लागलं. जिन्यात ट्यूबलाइट आहे, पण तिचं बटण खाली आहे. वरून उतरणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. हे इतकी वर्षं आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी काही केलं नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं.

आमचं घर कांदिवली पश्चिमेला चारकोपला आहे, म्हाडाच्या प्लॉटवरचं, तळमजला आणि वर एक मजला. दोन्ही बाजूंना चिकटून शेजारची घरं. जिना सरळ एका रांगेत १५ पायऱ्यांचा, एका बाजूला कठडा आणि दुसऱ्या बाजूला भिंत. ही भिंत आमची एकट्याची नाही, पलीकडे शेजारच्या काकूंचं स्वयंपाकघर आहे. भिंतीत बसणारे छोटे स्टेप लाइट लावायचे आणि वायर बाहेर दिसू द्यायची नाही, एवढं आम्ही आठवड्याभरात ठरवलं. प्रत्यक्ष काम संपायला मार्च उजाडला.

१० डिसेंबरला सोसायटीत अर्ज दिला. सामाईक भिंत फोडायची म्हणजे परवानगी लागणारच. सेक्रेटरी काकांनी चार गोष्टी मागितल्या: वायरसाठी भिंतीत कुठे आणि किती खोल झिरी मारणार त्याचं हाताने काढलेलं चित्र, वायरमनच्या परवान्याची झेरॉक्स, शेजाऱ्यांचं सहीचं पत्र आणि ५,००० रुपयांचा डिपॉझिटचा चेक. शेजारच्या काकूंनी दोन मिनिटांत सही दिली, फक्त एक विचारलं, "माझ्या रॅकवरची भांडी पडणार नाहीत ना?" वायरमन शोधायला मात्र आठ दिवस गेले, कारण परवान्याची प्रत मागितली की बरेच जण पुन्हा फोनच उचलत नव्हते. शेवटी ज्यांनी दिली ते पन्नाशीचे, शांत स्वभावाचे दादा होते. कमिटीची पुढची मीटिंग १२ जानेवारीला, रविवारी होती. तोवर थांबणं आलं.

थांबण्याच्या त्या काळात मी एक घाई केली. २१ डिसेंबरला एका ओळखीच्या दुकानातून दिवे आणि ड्रायव्हर घेऊन टाकले. ड्रायव्हर म्हणजे घरातली २३० व्होल्टची वीज दिव्याला चालेल अशी करून देणारा डबा. आठ दिवे, प्रत्येकी ४२० रुपये, एक वॉटचे. त्यांच्याबरोबर २४ व्होल्टचा एक ड्रायव्हर. दुकानदार म्हणाले, "हा सगळ्याला चालतो."

दादा त्याच संध्याकाळी भिंत बघायला आले होते. भिंत फोडायच्या आधी एक दिवा टेबलावर लावून बघू, असं तेच म्हणाले. जेवणाच्या टेबलावर एक्स्टेन्शन बोर्ड घेतला, त्याला ड्रायव्हर जोडला आणि ड्रायव्हरला एक दिवा. बटण दाबलं. दिवा भगभगीत निळसर-पांढरा पेटला, इतका की आम्ही दोघांनी डोळे बाजूला केले, आणि क्षणात विझला. जळक्या प्लास्टिकचा वास आला. काचेतून आत बघितलं तर पिवळ्या चिपच्या मधोमध काळा ठिपका पडला होता.

चूक कुठे झाली ते दादांनी दिव्याच्या पाठीवरची अक्षरं वाचून सांगितलं. तिथे व्होल्ट लिहिलेलेच नव्हते. लिहिलं होतं फक्त १ वॉट, ३५० मिलिअँपियर. म्हणजे त्या दिव्यात नुसती एलईडीची चिप होती. तिला साधारण तीन व्होल्ट पुरतात, आणि तिच्यातून ३५० मिलिअँपियरपेक्षा जास्त करंट जाऊ द्यायचा नसतो. हा करंट आवरणारं काहीही दिव्याच्या आत नव्हतं. ते काम ड्रायव्हरने करायचं असतं. आमचा ड्रायव्हर मात्र व्होल्टेज २४ वर धरून ठेवणारा होता, करंट दिवा ओढेल तेवढा देणारा. एकट्या तीन व्होल्टच्या चिपला थेट २४ व्होल्ट मिळाले.

हा फरक मला आधी कोणी सांगितला असता तर बरं झालं असतं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. ड्रायव्हर दोन जातींचे येतात आणि ते लेबलवरून ओळखता येतात. जिथे व्होल्टेज एकच ठरलेलं असतं, उदाहरणार्थ आउटपुट २४ व्होल्ट, आणि करंटचा आकडा कमाल म्हणून दिलेला असतो, तो ठरावीक व्होल्टेजचा ड्रायव्हर. त्याच्यावर दिवे एकमेकांना समांतर, म्हणजे पॅरलल लावायचे, आणि दिव्यावरही २४ व्होल्ट डीसी असं छापलेलं असायलाच हवं. जिथे उलट करंट एकच ठरलेला असतो, ३५० मिलिअँपियर, आणि व्होल्टेज १८ ते ३६ असं दोन आकड्यांत दिलेलं असतं, तो ठरावीक करंटचा ड्रायव्हर. त्याच्यावर दिवे एकामागून एक साखळीत, म्हणजे सिरीजमध्ये लावायचे, आणि सगळ्या दिव्यांच्या व्होल्टची बेरीज त्या दोन आकड्यांच्या मध्ये पडली पाहिजे. दिव्याची जात आणि ड्रायव्हरची जात एक नसेल किंवा जोडणी चुकली तर काही ना काही बिघडतंच. ठरावीक करंटच्या ड्रायव्हरवर आठ दिवे पॅरलल लावले असते तर जळले नसते, पण ३५० मिलिअँपियर आठांत वाटले जाऊन प्रत्येकाला चव्वेचाळीसच्या आसपास मिळाले असते. तेही सारखे नाहीत, आणि ड्रायव्हरला १८ व्होल्टचा भारही न मिळाल्याने तो लुकलुकत राहिला असता.

मी दादांना विचारलं, "आठही दिवे साखळीत लावले तर? आठ त्रिक चोवीस होतात की!" त्यांनी मान हलवली. बेरीज जुळते, पण प्रत्येक चिपचे व्होल्ट थोडे वेगळे असतात आणि चिप तापली की ते आणखी उतरतात. व्होल्टेज २४ वरच अडकवून ठेवलं तर या थोड्याशा फरकानेही करंट पुष्कळ वाढतो. करंट वाढला की चिप जास्त तापते, तापली की करंट आणखी वाढतो. दिवे काही दिवस चालतील आणि मग एकेक जळत जातील.

मग दोनच रस्ते उरले. एक तर हेच दिवे ठेवून ठरावीक करंटचा ड्रायव्हर आणायचा, किंवा दिवेच २४ व्होल्टचे घ्यायचे. पहिला रस्ता स्वस्त होता आणि झगझगाट न होणारे चांगले दिवे त्या प्रकारातही मिळतात. पण साखळीतला एक दिवा गेला की बहुतेक वेळा पुढचे-मागचे सगळे विझतात. ज्या जिन्यात रात्री माणूस पडलं, तिथे एका दिव्यामुळे पूर्ण अंधार होण्याची शक्यता मला नको होती. पॅरललमध्ये एक गेला तर सात चालू राहतात. हॉलच्या शोभेच्या भिंतीसाठी कदाचित मी उलटा निर्णय घेतला असता. दुकानदारांनी न वापरलेले सात दिवे आणि ड्रायव्हर परत घेतला, जळलेल्या दिव्याचे ४२० रुपये गेले.

१२ जानेवारीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला. भिंत किती जाडीची आहे, हा प्रश्न कमिटीतल्या एका निवृत्त इंजिनिअर काकांनी विचारला, आणि तो योग्यच होता. भार घेणारी भिंत साडेचार इंची असेल तर तिच्यात झिरी मारायचीच नसते. नऊ इंची भिंतीत आडवी झिरी जाडीच्या सहाव्या भागापर्यंत, म्हणजे अडतीस मिलिमीटरच्या आत ठेवायची. उभी झिरी याहून खोल चालते, पण जिन्याची तिरपी झिरी आडवीच धरावी, असं ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने गच्चीवर जाऊन मोजलं. तिथे ही भिंत वर आलेली दिसते. दोन्हीकडच्या प्लास्टरसकट दहा इंच भरली, म्हणजे विटांची नऊ इंची. तो आकडा आणि झिरीची खोली ३५ मिलिमीटर असं अर्जावर लिहून दिलं. २० जानेवारीला लेखी परवानगी मिळाली. कामाची वेळ सकाळी १० ते १ आणि दुपारी ३ ते ६, डेब्रिस उचलण्याचे ५०० रुपये वेगळे.

२५ जानेवारीला, शनिवारी, दादा आणि मी कांदिवलीहून फास्ट लोकलने मरीन लाइन्सला उतरून चालत लोहार चाळीत गेलो. या वेळी मी प्रत्येक दिवा उलटा करून वाचला. २४ व्होल्ट डीसी, दीड वॉट, ३००० केल्विनचा उबदार प्रकाश. वर झाकणासारखी पट्टी असलेला, म्हणजे प्रकाश फक्त खाली पडेल आणि चिप डोळ्यांना दिसणार नाही. सोबत भिंतीत गाडायचा ५० मिलिमीटर खोल डबा. ५६० रुपयांना एक, असे नऊ घेतले. नववा राखीव, कारण दोन वर्षांनी तेच मॉडेल मिळेल याची खात्री नसते आणि वेगळा दिवा रांगेत लगेच डोळ्यांत भरतो.

ड्रायव्हर किती वॉटचा घ्यायचा याचा हिशोब दादांनी दुकानातच करून दाखवला. आठ दिवे गुणिले दीड म्हणजे १२ वॉट. ड्रायव्हर त्याच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांपेक्षा जास्त ओढू नये, म्हणजे तो कमी तापतो आणि जास्त टिकतो. बाराला ०.८ ने भागलं की १५ येतात, म्हणून त्याच्या वरचा मिळाला तो २० वॉटचा, ७८० रुपयांना. वायर एक चौरस मिलिमीटर तांब्याची, लाल आणि काळी, प्रत्येकी दहा मीटर. एवढ्याशा दिव्यांना याहून पुष्कळ बारीक वायर चालते, असं दुकानातला मुलगा म्हणत होता. चालते, पण वायर जितकी बारीक तितकं शेवटच्या दिव्याला व्होल्टेज कमी पोचतं. आमच्याकडे सगळे दिवे मिळून अर्धा अँपियर घेतात आणि ड्रायव्हरपासून शेवटचा दिवा पंचवीस फुटांवर आहे. एक चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये एवढ्या अंतरात ०.१४ व्होल्टही पडत नाही. एकदा भिंतीत गेलेली वायर पुन्हा बदलायची नाही, म्हणून तिच्यात काटकसर नको. पाइप, बेंड, कनेक्टर, बटण आणि त्याचा डबा धरून त्या दिवशीचं बिल ७,२४० रुपये झालं.

दुसऱ्या दिवशी, २६ जानेवारीच्या संध्याकाळी, आम्ही दोन दिवे चिकटपट्टीने भिंतीला लावून बघितले. हा एक तास सगळ्यात उपयोगी पडला. दिवा पायरीपासून बारा इंचांवर लावला तर वर चढताना ठीक वाटत होता, पण उतरताना आई म्हणाल्या, "डोळ्यांत टोचतोय गं." त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे, थेट प्रकाश त्यांना सहन होत नाही. सहा इंचांवर उजेडाचा गोळा लहान पडत होता आणि पायरीची बाहेरची कड अंधारातच राहत होती. आठ इंचांवर बरोबर जमलं. आडव्या दिशेतही फरक कळला. दिवा पायरीच्या मध्यावर ठेवला तर उजेड पायरीच्या पोटात पडतो. कडेच्या दोन इंच आत आणला तर कड उजळते आणि खालच्या पायरीवर तिची सावली पडते. पाय कुठे टाकायचा ते त्या सावलीवरून कळतं. म्हणून एकाआड एक पायरी, पहिल्या आणि पंधराव्या पायरीसह आठ दिवे, पायरीपासून आठ इंच वर, कडेपासून दोन इंच आत, असं ठरलं.

१ फेब्रुवारीला आखणी केली. पहिल्या आणि शेवटच्या दिव्याच्या जागी खिळे ठोकून त्यांच्यात निळीचा दोरा ताणला आणि भिंतीवर झटका दिला. सरळ तिरपी निळी रेघ उमटली. मधल्या दिव्यांची मापं प्रत्येक पायरीवरून वेगळी घेतली, तेव्हा लक्षात आलं की आमच्या जुन्या जिन्याच्या पायऱ्या सगळ्या एका उंचीच्या नाहीत, कुठे पाव इंच कमी, कुठे जास्त. दादांनी दिवे पायरीच्या मापाने न लावता रेघेवर ठेवले. पायरीतला पाव इंच कोणाला दिसत नाही, रांग वाकडी झाली तर दिसते. दिव्याचा डबा मात्र लेव्हल लावून आडवाच बसवायचा, रेघेसारखा तिरपा नाही.

झिरी नेमकी दिव्यांच्या रेघेतूनच न्यायची, हेही तेव्हाच ठरलं. तिरपी वायर एरवी भिंतीत टाकू नये, कारण पुढे फोटो टांगायला खिळा मारणाऱ्याला ती कुठे आहे ते कळत नाही. इथे दिवेच वायरचा मार्ग दाखवतात. ती रेघ सोडून बाकी भिंत मोकळी.

३ फेब्रुवारीला, सोमवारी, कटिंग. आधी डीबीतले, म्हणजे घरच्या विजेच्या पेटीतले, जिन्याचे आणि हॉलचे एमसीबी पाडून वीज बंद केली. काकूंनी सकाळीच रॅकवरची भांडी ओट्यावर काढून ठेवली. दादांनी कटरच्या पात्यावर ३५ मिलिमीटरवर लाल टेप गुंडाळला होता, टेप भिंतीला टेकला की थांबायचं. दोन समांतर चिरा मारायच्या आणि मधला भाग छिन्नीने हलक्या हाताने काढायचा. धूळ एवढी झाली की जिन्याच्या दोन्ही टोकांना ओल्या चादरी लावूनही वरच्या कपाटातल्या साड्यांवर पांढरा थर बसला. तुम्ही हे काम करणार असाल तर कपाटांच्या फटींना आधीच टेप लावून घ्या. डब्यांच्या आठ जागा तेवढ्या पन्नास मिलिमीटर खोल गेल्या.

दुसऱ्या दिवशी २० मिलिमीटरचा पाइप आणि डबे बसले. डबे सध्याच्या प्लास्टरच्या पातळीपेक्षा दोन मिलिमीटर बाहेर ठेवले, कारण वरून पुट्टी आणि रंग चढणार होता. डबा आत राहिला तर दिव्याची चौकट भिंतीला टेकत नाही आणि फट दिसते. डब्यांत थर्माकोलचे तुकडे कोंबले, म्हणजे माल आत जात नाही. झिरीवर कोंबडीजाळी ठोकून गवंड्याने प्लास्टर केलं. जाळी नसेल तर नव्या-जुन्या प्लास्टरच्या सांध्यावर केसासारखी चीर येते. प्लास्टरच्या आधी मोजपट्टी धरून सगळ्या पाइपचे फोटो काढले, वीस तरी असतील.

यानंतर आठवडाभर रोज सकाळ-संध्याकाळ मी प्लास्टरच्या पट्ट्यावर पाणी मारलं. ११ फेब्रुवारीला दादा वायर ओढायला आले आणि स्प्रिंग अडकली. पाइपमधून आधी लवचीक स्टीलची स्प्रिंग सरकवतात आणि तिच्या टोकाला वायर बांधून खेचतात. दिव्यांच्या रांगेतून ती गेली, पण पहिल्या दिव्यापासून जिन्याखालच्या कपाटाकडे वळताना थांबली. मोबाइलमधले फोटो काढून बघितले. त्या वळणावर गोल बेंडच्या ऐवजी काटकोनी एल्बो लागला होता, घाईत हातात आला तो. फोटोतली पट्टी बघून नेमकी जागा सापडली, चार इंच प्लास्टर पुन्हा फोडलं, एल्बो काढून बेंड टाकला. दादा मनापासून खजील झाले, त्यांनी त्याचे पैसे घेतले नाहीत. पण ही चूक प्लास्टरच्या आधी कळू शकली असती. पाइप बसल्याबरोबर त्यातून नायलॉनची दोरी ओवून ठेवायची. दोरी सहज सरकली तर वायरही जाते.

वायर ओढताना पाइपमध्ये कुठेही जोड ठेवला नाही. ती प्रत्येक डब्यात उतरते, तिथेच कनेक्टरमध्ये जुळते आणि पुढच्या डब्याकडे जाते. जोड डब्यात असला की दिवा काढून तो हाताळता येतो, पाइपमध्ये असला तर भिंत फोडावी लागते. २३० व्होल्टची वायर या पाइपमध्ये येतच नाही. ती बटणापासून कपाटातल्या ड्रायव्हरपर्यंत वेगळ्या पाइपमधून जाते. त्यामुळे जिन्याच्या भिंतीत, जिथे मुलांचे हात पोचतात, तिथे फक्त २४ व्होल्ट आहेत.

ड्रायव्हर भिंतीत गाडू नका, छताच्या पीओपीतही बंद करू नका. दिव्यांच्या आधी बहुधा तोच जातो, कारण त्याच्या आतले कपॅसिटर उष्णतेने वाळतात. आमचा जिन्याखालच्या चपलांच्या कपाटात वरच्या फळीखाली स्क्रूने बसवला आहे, आणि कपाटाच्या दाराला जाळीची झडप केली. पावसाळ्यात तळमजल्याला ओल येते, म्हणून जमिनीपासून तीन फूट वर. तासभर दिवे लावून हात लावला तर कोमट लागतो. हात ठेववत नसेल इतका तापला तर भार जास्त आहे किंवा हवा कमी आहे, असं दादांनी सांगितलं.

बटणावर थोडी चर्चा झाली. वर-खाली दोन्हीकडून चालणारं टू-वे बटण दादा सुचवत होते. त्यासाठी २३० व्होल्टची आणखी एक झिरी वरपर्यंत मारावी लागली असती. सेन्सरचाही विचार केला, पण वरच्या पायरीवर पाय पडल्यावर दिवा लागणं मला उशिराचं वाटलं, उतरायच्या आधी जिना दिसायला हवा. म्हणून रात्रभर चालू ठेवायचं ठरवलं. ड्रायव्हरमधली घट धरून १४ वॉट, बारा तास, महिन्याला पाच युनिट होतात. एकच बटण खाली, देवघराच्या शेजारी बसवलं. तिन्हीसांजेला दिवा लावतानाच आई ते दाबतात.

प्लास्टर नीट वाळू द्यायला तीन आठवडे थांबलो. रंगारी १ मार्चला आला. फक्त झिरीचा पट्टा रंगवून भागत नाही, उजेड भिंतीवर तिरका पडला की जुन्या-नव्या रंगाचा फरक रात्री जास्त उठून दिसतो. पूर्ण भिंत केली. रंग आणि मजुरीचे ५,४०० झाले, वायरमनचे ४,५००, गवंडी आणि त्याचं सामान २,९५०. लोहार चाळीचं बिल, डेब्रिसचे पैसे आणि तो जळलेला दिवा धरून एकूण खर्च २१,०१० रुपये. यात दिव्यांचा वाटा साधारण चौथा हिस्सा आहे, बाकी बरीचशी भिंत फोडून परत होती तशी करण्याची किंमत. घराचं रंगकाम निघणारच असेल तर त्याच्या आधी हे उरकून घ्यावं.

९ मार्चला दिवे बसले. लाल वायर लाल टोकाला, काळी काळ्याला. पाचवा दिवा लागला नाही, त्याची टोकं उलटी जोडली गेली होती, बदलल्यावर लगेच लागला. मग दादांनी मल्टिमीटर लावला. ड्रायव्हरजवळ २४.१ व्होल्ट, पंधराव्या पायरीच्या दिव्याजवळ २४.०. पहिल्या आणि शेवटच्या दिव्याच्या उजेडात डोळ्यांना काही फरक दिसत नाही.

पुढच्या आठवड्यात तिसरा दिवा मधूनच लुकलुकायला लागला. बाकीचे सात स्थिर होते, त्यावरून ड्रायव्हर ठीक आहे आणि दोष त्या एकाच डब्यात आहे हे माझं मलाच कळलं. बटण बंद केलं, दोन स्क्रू काढून दिवा बाहेर ओढला. काळ्या वायरचं टोक कनेक्टरमध्ये अर्धंच गेलं होतं. इन्सुलेशन थोडं जास्त सोलून ते पूर्ण आत सरकवलं आणि वायर हलकेच ओढून पाहिली. दहा मिनिटांचं काम.

२२ मार्चला कमिटीचे दोघे भिंत बघून गेले, काकूंच्या स्वयंपाकघरातही डोकावले, तिकडे एकही चीर नव्हती. डिपॉझिटचा चेक त्याच संध्याकाळी परत मिळाला. नववा दिवा, ड्रायव्हरच्या लेबलचा फोटो आणि पाइपचे सगळे फोटो छापून एका पाकिटात ठेवले आहेत, ते पाकीट चपलांच्या कपाटात ड्रायव्हरच्या बाजूलाच चिकटवलं आहे.